चार्जरचा दिवा निम्म्या वेळात हिरवा होतो आणि पॅक निम्माच चालतो. बोर्ड बायपास करू का?

देवबागचा_दर्या (रविवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. घाईची अडचण आहे म्हणून नवा धागा काढतोय.

वडिलांची लहान फायबरची होडी आहे. पहाटे जाळी ओढताना उजेड लागतो, म्हणून दोन वर्षांपूर्वी १८६५० लिथियम सेलचा बॅटरी पॅक बनवून घेतला होता. बारा सेल, चार-चारचे तीन गट, प्रत्येक सेल २६०० एमएएचचा. चार्जर १२.६ व्होल्ट, ३ अँपिअर. एलईडी पट्टी दीड अँपिअर घेते. पॅक साडेसहा तास आरामात चालायचा आणि पूर्ण चार्ज व्हायला चारेक तास लागायचे.

जून-जुलैची बंदी लागली तेव्हा पॅक अर्धा चार्ज करून पडवीत ठेवला. नारळी पौर्णिमेनंतर बाहेर काढला तर सगळंच निम्मं झालंय. तीन-सव्वातीन तासांत पट्टी विझते, तीही मंद न होता एकदम. चार्जिंगला लावला की पावणेदोन तासांत चार्जरचा दिवा हिरवा.

बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. तो म्हणाला, आतला संरक्षणाचा बोर्ड खराब झालाय, मध्येच करंट तोडतोय. बोर्डाच्या बी मायनस आणि पी मायनस या दोन टोकांमध्ये तार धरून दाखवली. खरंच चार्जर परत लाल झाला आणि चार्जिंग सुरू झालं. पण दहाएक मिनिटांत पॅकचा एक कोपरा हाताला गरम लागला, म्हणून मी तार काढायला लावली. तो म्हणतो, तार कायमची डकवून टाकू, काही होत नाही.

दुसरं म्हणजे, चार्जिंग चालू असताना चार्जरच्या टोकांवर मीटर लावला तर ११.४ दाखवतो. वर १२.६ छापलंय. म्हणजे चार्जरही गेलाय का?

---

संगमेश्वरी (रविवार, रात्री १०.१५)

चार्जर गेलाय हे नक्की. १२.६ चा चार्जर १२.६ च देणार, त्यातून करंट किती ओढायचा ते बॅटरी ठरवते. ११.४ येतंय म्हणजे तो दमलाय.

नवा लिथियमचा चार्जर घेण्यात पैसे घालवू नका. मी वर्षभर माझा पॅक गाडीच्या बॅटरीच्या जुन्या चार्जरवर चार्ज करतोय, तो १४.४ देतो. बोर्ड आहे ना आत, भरला की तो तोडतो. त्यासाठीच तर असतो. बोर्ड मात्र काढू नका, त्या दुरुस्तीवाल्याचं ऐकू नका.

---

गुहागर_मधुरा (रविवार, रात्री १०.३२)

आमच्या होमस्टेची इलेक्ट्रिक स्कूटर आहे, तिचंही असंच होतं. नव्वद टक्के पटकन होते आणि शेवटच्या दहाला तास घेते. कंपनीच्या माणसाला विचारलं तर म्हणाला, तसंच असतं. माझ्या मते तुमची बॅटरी चांगली आहे, ती उलट लवकर भरतेय.

---

तारजोड (रविवार, रात्री ११.०५)

देवबागकर, पहिलं सांगतो: ती तार जोडू नका, आणि उद्या सकाळपर्यंत पॅक घराबाहेर ठेवा. पडवीत नको, मोकळ्या अंगणात, पत्र्याच्या डब्यात वाळूवर. कोपरा गरम झाला ही साधी गोष्ट नाही. मी बारा वर्षं असे पॅक बांधतोय, त्यावरून सांगतो.

चार्जर बहुतेक ठणठणीत आहे. लिथियमचा चार्जर दोन टप्प्यांत काम करतो. पहिल्या टप्प्यात तो करंट धरून ठेवतो, तुमच्याकडे ३ अँपिअर. त्या वेळी व्होल्टेज त्याच्या हातात नसतं. पॅक जिथे असेल तिथे ते येतं आणि पॅक भरत जाईल तसं वर सरकतं. अर्धवट भरलेल्या तीन गटांच्या पॅकवर ११.४ दिसणं अगदी बरोबर आहे, ३.८ गुणिले तीन. संगमेश्वरी म्हणतात ते दुसऱ्या टप्प्यात खरं ठरतं. १२.६ ला पोचला की चार्जर व्होल्टेज तिथेच रोखतो, आणि मग करंट आपोआप उतरत जातो. सेलचं आतलं व्होल्टेज १२.६ च्या जवळ येतं, दोघांमधला फरक कमी होतो, म्हणून करंटही कमी. तो मूळ करंटच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे ०.३ अँपिअरवर आला की चार्जर थांबतो आणि दिवा हिरवा होतो.

मधुराताई, तुमच्या स्कूटरचा शेवटचा तास म्हणजे हाच दुसरा टप्पा. स्कूटर चांगली आहे. देवबागकरांकडे मात्र तो टप्पा येतच नाहीये, रोग तिथेच आहे.

आता एक काम करा. बोर्डाला गटागटातून येणाऱ्या बारीक तारा असतात, पांढऱ्या कनेक्टरमध्ये. पॅक चार्जिंगला लावा, मोकळ्या जागी आणि तुम्ही समोर बसून. दिवा हिरवा झाल्याबरोबर तिन्ही गटांचं व्होल्टेज वेगवेगळं मोजा. मग पट्टी लावून पॅक विझेपर्यंत चालवा आणि विझल्याबरोबर पुन्हा मोजा. सहा आकडे इथे लिहा.

---

आंबोलीचा_पाऊस (सोमवार, सकाळी ७.२०)

व्होल्टेज सारखं झालं की करंट मंदावतो, हे भरती संपत आल्यावर खाडीत पाणी शिरायचा जोर कमी होतो तसंच ना?

---

तारजोड (सोमवार, सकाळी ८.०२)

दुसऱ्या टप्प्यापुरतं हो, अगदी तसंच. पहिल्या टप्प्यात पंपाने मोजून पाणी भरल्यासारखं आहे, पातळी कितीही असो. फरक एवढाच की खाडीला पाणी जास्त झालं तर काठावरून सांडतं. सेलला सांडायला जागा नाही. ४.२ च्या वर ढकलत राहिलं तर ग्रॅफाइटमध्ये लिथियमला शिरायला जागा उरत नाही आणि ते त्याच्या पृष्ठभागावर धातू म्हणून साचायला लागतं. दुसऱ्या बाजूचा ऑक्साइड अस्थिर होतो, आतलं द्रावण फुटून वायू होतो, उष्णता वाढते. ती उष्णता स्वतःलाच वाढवायला लागली की मग बाहेरून काही करता येत नाही.

---

संगमेश्वरी (सोमवार, सकाळी ९.११)

मान्य, चार्जरचं मी चुकीचं समजत होतो. पण माझा प्रश्न राहतोच. बोर्ड ४.२ च्या वर जाऊच देत नसेल, तर १४.४ चा चार्जर लावल्याने बिघडतं काय? वर्षभर चाललाय.

---

तारजोड (सोमवार, सकाळी १०.४५)

बोर्ड ४.२ ला तोडत नाही. साधे बोर्ड ४.२५ ते ४.३० च्या दरम्यान तोडतात, कारण ते चार्जर चुकला तर अडवण्यासाठी बनवलेले असतात. रोज पॅक कुठे थांबवायचा हे ठरवणं चार्जरचं काम. तुमच्या जोडणीत १४.४ भागिले तीन, म्हणजे गटामागे ४.८ वर नेणारा चार्जर रोज धडकतोय आणि बोर्ड रोज ऐन शेवटच्या क्षणी अडवतोय. करंट उतरवणारा दुसरा टप्पा नाहीच. पूर्ण करंटवर असतानाच झटक्यात तोडलं जातं.

तोडतो कोण? बोर्डावरचे दोन-चार मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच. आणि मॉसफेट मरतो तेव्हा बहुतेक वेळा आतून शॉर्ट होऊन मरतो, म्हणजे दार उघडं राहून. बाहेरून काहीच कळत नाही, पट्टी लागते, चार्जिंग होतं. तुमच्याकडे त्या दिवशी ४.८ आणि सेल यांच्यामध्ये काहीच उरलेलं नसेल. १२.६ च्या चार्जरवर बोर्ड मेला तरी पहिली भिंत उभी असते.

आज संध्याकाळपासून तो चार्जर बंद करा, एवढी विनंती आहे.

---

संगमेश्वरी (सोमवार, सकाळी ११.३०)

बंद केला. १२.६ चा मागवतोय.

---

देवबागचा_दर्या (मंगळवार, रात्री ८.५०)

आकडे घेतले. अंगणात माडाखाली बसून, वडील बादलीत वाळू घेऊन शेजारी.

दिवा हिरवा झाल्यावर: पहिला गट ३.९३, दुसरा ३.९४, तिसरा ४.२६. बेरीज १२.१३.

पट्टी विझल्यावर: पहिला ३.५६, दुसरा ३.५५, तिसरा २.९१.

गरम लागला होता तो कोपरा तिसऱ्या गटाचाच.

---

तारजोड (मंगळवार, रात्री ९.३०)

फार नीट मोजलंत. या सहा आकड्यांत सगळं आहे.

चार्जरला गट दिसत नाहीत, त्याला फक्त बेरीज दिसते. त्याच्या दृष्टीने पॅक १२.१३ वर होता, १२.६ अजून लांब, म्हणून तो पहिल्याच टप्प्यात पूर्ण ३ अँपिअर ढकलत होता. तेवढ्यात तिसरा गट बोर्डाच्या मर्यादेला पोचला आणि बोर्डाने तोडलं. करंट शून्य झाला, आणि करंट शून्य म्हणजे भरला असं समजून चार्जरने हिरवा दिवा लावला. तो दिवा खोटा आहे. बोर्ड खराब नाही. तुमच्या पॅकमध्ये आपलं काम चोख करणारी तीच एक वस्तू होती.

आता तार कायमची जोडली असती तर? चार्जर बेरीज १२.६ होईपर्यंत थांबला नसता. पहिले दोन गट ४.०२ च्या आसपास असते आणि उरलेलं सगळं तिसऱ्यावर, म्हणजे साडेचारच्या वर. तुमचा हात दहा मिनिटांत पोचला म्हणून निभावलं.

दुसरी गोष्ट. एखादा गट वरही पुढे आणि खालीही पुढे असेल, तर तो नुसता जास्त भरलेला असतो, बाकीच्यांच्या पातळीवर आणला की झालं. तुमचा तिसरा गट भरताना सगळ्यांत वर आणि विझताना सगळ्यांत खाली आहे. म्हणजे त्याचं भांडंच लहान झालंय. किती लहान? पावणेदोन तास गुणिले ३, म्हणजे सव्वापाच अँपिअर-तास. चार सेलचे १०.४ व्हायला हवेत. बरोबर निम्मे. माझा अंदाज: तिसऱ्या गटातले दोन सेल जोडणीतून सुटलेत.

पॅकवरचं निळं आवरण सोलून तिसऱ्या गटाचे सेल जोडणारी बाहेरची धातूची पट्टी बघा. पात्याचं टोक आत जाऊ देऊ नका, आणि अंगठी-घड्याळ काढून ठेवा.

---

कुडाळ_इलेक्ट्रिकल (मंगळवार, रात्री १०.१०)

अ‍ॅक्टिव्ह बॅलन्सरवाला बोर्ड मिळतो, तो लावला की गट आपोआप सारखे होतील. सेल सोलायची गरज नाही.

---

तारजोड (मंगळवार, रात्री १०.४०)

भांडं मुळात सारखं असेल तर बॅलन्सर उपयोगी. इथे वरच्या टोकाला सारखं केलं तरी निम्मा गट निम्म्या वेळात रिकामाच होणार. आणि साध्या बोर्डांचा बॅलन्स करंट ५० मिलिअँपिअरच्या आसपास असतो. अडीच अँपिअर-तासांचा फरक त्याने भरून काढायला दोन दिवसांच्या वर जातील.

---

देवबागचा_दर्या (बुधवार, संध्याकाळी ६.१५)

सोलला. तारजोड दादा, तुम्ही म्हणालात तेच निघालं.

तिसऱ्या गटाच्या बाहेरच्या पट्टीवर दोन सेलच्या डोक्यावर तांबूस गंज आहे, ओल्या खिळ्यावर धरतो तसा. नखाने टोकरलं तर पट्टी पापुद्र्यासारखी उचलली गेली, खाली वेल्डिंगचे चार ठिपके नुसते काळे उरलेत. बाकीच्या दोन सेलवर पट्टी घट्ट आहे. सुटलेले दोन सेल वेगवेगळे मोजले: ३.७० आणि ३.७१.

पट्टी निकेलची आहे असं सांगून विकलं होतं. निकेल गंजतं का? लोहचुंबक लावून बघितला तर चिकटतो.

---

तारजोड (बुधवार, रात्री ७.०५)

चुंबकाने कळत नाही, शुद्ध निकेललाही तो चिकटतो. तुमची पट्टी निकेलचा मुलामा दिलेली लोखंडी आहे. ओळखायची असेल तर पट्टीच्या तुकड्यावर खिळ्याने खोल रेघ ओढायची आणि रात्रभर मिठाच्या पाण्यात टाकायचा. सकाळी रेघेत तांबडं दिसलं की लोखंड. घाटावर अशी पट्टी बरीच वर्षं टिकते. देवबागला एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, तिथे एका पावसाळ्यात गेली.

आणि ते ३.७० बघा. ते दोन सेल सुटले तेव्हा अर्धे भरलेले होते आणि तेव्हापासून कुणी त्यांना हात लावलेला नाही. तुम्ही जूनमध्ये अर्धा चार्ज करून ठेवला होतात. म्हणजे जोडणी बंदीच्या काळातच, पडवीत सुटली.

---

कुडाळ_इलेक्ट्रिकल (बुधवार, रात्री ७.४०)

मग सोपं आहे. गंज घासून काढा, सोल्डरचा एक थेंब टाकून पट्टी परत चिकटवा.

---

तारजोड (बुधवार, रात्री ८.२०)

दोन कारणांनी नाही. पॅक चार्ज करून तसं जोडलं तर दोन सेल ४.२ वर आणि दोन ३.७ वर. अर्ध्या व्होल्टचा फरक, आणि मध्ये फक्त सेलचा आतला विरोध. जोडल्या क्षणी दहा अँपिअरच्या आसपास धाव घेईल, तीही बोर्डाच्या अलीकडे, जिथे बोर्डाला काही दिसत नाही. समांतर जोडायचे सेल आधी शे-दीडशे मिलिव्होल्ट तरी जवळ आणावेच लागतात. आणि दुसरं, सेलच्या टोपीवर सोल्डरिंगची इस्त्री टेकवली की खालचं सील आणि पडदा भाजतो. स्पॉट वेल्डिंगच हवं.

माझं मत विचाराल तर तिसऱ्या गटाचे चारही सेल बदला. जे दोन जोडलेले राहिले त्यांच्यात दहा मिनिटं जादा करंट गेलाय, तोही आधीच भरलेल्या सेलमध्ये. ३ अँपिअरने अर्धा अँपिअर-तास, म्हणजे त्यांच्या क्षमतेच्या दहा टक्के वर.

---

आंबोलीचा_पाऊस (बुधवार, रात्री ९.००)

दोन चांगले सेल टाकून द्यायचे? क्षमता मोजून बघा, २६०० च्या जवळ आली तर वापरायला काय हरकत आहे? माझ्याकडे असा एक आहे, टॉर्चमध्ये दोन वर्षं चालतोय.

---

तारजोड (बुधवार, रात्री ९.३५)

क्षमता बरोबर येऊ शकते आणि तरीही आत साचलेला धातू पडद्याला टोचत असू शकतो. ते क्षमतेत दिसत नाही, स्वतःहून उतरण्यात दिसतं. पूर्ण भरून मोकळे ठेवायचे, दोन आठवडे रोज मोजायचे. चांगला सेल पहिल्या दिवशी थोडा उतरतो आणि मग जवळपास थांबतो. जो उतरतच राहतो तो आतून गळतोय. टॉर्चमध्ये एक सेल तुमच्या हातात असतो. होडीत बारा असतात, फायबरवर, आणि माणसं पाण्यात.

---

गुहागर_मधुरा (गुरुवार, सकाळी १०.२०)

एक विचारते. आमच्याकडे समुद्र पन्नास पावलांवर आहे. नवा पॅक बांधला तर पट्टी आणि बोर्डावर काही लेप लावता येतो का? आम्ही खिडक्यांना लावतो ते सिलिकॉन घरात आहे.

---

तारजोड (गुरुवार, दुपारी १.१०)

त्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर बोर्डाजवळ नेऊ नका. वाळताना त्यातून अ‍ॅसिटिक आम्ल सुटतं आणि तांबं हिरवं पडतं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं चालतं. बोर्डाला कन्फॉर्मल कोटिंगचा फवारा, कनेक्टर झाकून. पूर्ण पॅक इपॉक्सीत ओतून बंद करणारे लोक आहेत, मला ते पटत नाही. सेलच्या टोपीतून वायू सुटायची वाट असते, ती बुजते.

---

कुडाळ_इलेक्ट्रिकल (गुरुवार, दुपारी २.००)

मी होडीवाल्यांना इपॉक्सीच करून देतो, पाणी शिरत नाही. चार वर्षांत तक्रार नाही. आपण दोघं यावर कधी समोरासमोर बोलू.

---

देवबागचा_दर्या (तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९.१५)

उशीर झाला, माफ करा. एका ओळखीच्या ई-बाइकवाल्याकडून तिसऱ्या गटाला चार नवे सेल आणि सगळ्या पॅकला शुद्ध निकेलची पट्टी स्पॉट वेल्ड करून घेतली. मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवून, तपासून मगच पट्टी दिली. बोर्ड तोच ठेवला.

नवे सेल ३.६ वर आले होते. म्हणून पूर्ण पॅकचा चार्जर लावण्याआधी ४.२ च्या एकेरी चार्जरने एकेक गट वेगवेगळा भरून घेतला. शेवटी आकडे आले ४.१९, ४.१८, ४.१९.

मग एलईडी पट्टीवर पॅक रिकामा केला आणि १२.६ चा चार्जर लावून चार तास वही घेऊन बसलो. तीन तास करंट ३ वर अढळ होता, व्होल्टेज हळूहळू चढत होतं. १२.६ ला टेकलं आणि मग पहिल्यांदाच करंट उतरताना बघितला. पाव तासाने २.१, मग १.२, मग ०.६. ०.३ ला दिवा हिरवा. वडील म्हणाले, आता भरली म्हणायची. परवा पहाटे साडेसहा तास चालला.

जुने सुटलेले दोन सेल ३.७० वर तसेच आहेत. जोडलेले राहिलेले दोन दादांच्या सांगण्याप्रमाणे भरून मातीच्या मडक्यात, विहिरीच्या कठड्यापाशी ठेवलेत. बारा दिवस झाले. एक ४.१५ वर थांबलाय. दुसरा आज ४.०३ आहे, काल ४.०४ होता.

---

तारजोड (रविवार, रात्री ९.५०)

दुसरा परत घरात आणू नका. टॉर्चचा छोटा बल्ब लावून तिथेच अंगणात उतरवा, अडीचच्या खाली आला की ई-कचऱ्यात. पहिल्याचं अजून सांगता येत नाही. आणखी दोन आठवडे मोजा आणि इथेच लिहा.